बडोद्यात पाऊस आला की इंटरनेट का जातं: खांबावरच्या पेटीची पार्श्वभूमी

रावपुरा किंवा दांडिया बाजारातल्या जुन्या गल्लीत खांबाकडे वर पाहिलं, तर बऱ्याचदा तीन पिढ्यांच्या पेट्या एकत्र दिसतात. टेलिफोनच्या तारा घराघरांत वाटणारी गंजलेली डीपी, केबलवाल्याची पेटी, जिच्यात इंटरनेट घराघरांत वाटणारा स्विच असतो, आणि फायबरची नवी प्लॅस्टिकची डबी. पावसाने तिन्हींत बिघाड होतो, पण प्रत्येकीचं कारण वेगळं आहे.

बीएसएनएलचं ब्रॉडबँड 14 जानेवारी 2005 ला सुरू झालं, नेमकं उत्तरायणाच्या दिवशी. तेव्हा 256 केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हणत. त्यासाठी नवी तार टाकली नाही. आवाजासाठी घातलेल्या तांब्याच्या जोडीवरूनच ते चालवलं. एक्स्चेंजकडून रस्त्याकडेच्या तारजोडणीच्या पेटीपर्यंत, म्हणजे पिलरपर्यंत, तिथून डीपीपर्यंत आणि पुढे ड्रॉप वायरने घरात. बोलण्याला साडेतीन किलोहर्ट्झ पुरतात, त्याच तारेवरच्या ब्रॉडबँडला, म्हणजे एडीएसएलला, अकराशेपर्यंत लागतात. जॉइंटमध्ये पाणी शिरलं की दोन तारांमधली गळती आणि धारिता वाढते आणि मार आधी जास्त किलोहर्ट्झच्या लहरींवर बसतो. म्हणून फोनवर नुसती खरखर असायची आणि मॉडेमची लिंक मात्र दर दहा मिनिटांनी तुटायची. पाणी सुकलं तरी तांब्यावर हिरवा गंज उरायचा, त्यामुळे दसऱ्यानंतरही काही लाईनी सुधारायच्या नाहीत. टेलिफोनच्या बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडतात, तेही ओल्या तारेची झीज कमी व्हावी म्हणूनच. ओलाव्याशी झगडा या धंद्यात मुरलेला आहे.

दुसरी पिढी केबल टीव्हीवाल्यांची. गच्चीवरून गच्चीवर, खांबावरून खांबावर तार नेणं रस्ता खोदण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि झटपट. त्याच वाटेने नंतर इंटरनेटची लॅन केबल गेली, आणि ती अनेकदा फक्त घराच्या आत वापरण्यासाठी बनवलेली. तिचं पीव्हीसी आवरण मे महिन्याच्या उन्हात तडकतं. उत्तरायणात अडकलेला मांजा वाऱ्याने घासत राहिला तर त्यावर चरेही पडू शकतात. जानेवारीची जखम जूनमध्ये बोलते: पाणी चिरेतून आत शिरतं आणि आवरणाच्या आतून उताराने वाहत थेट पेटीतल्या स्विचच्या पोर्टात उतरतं. केबल वरच्या बाजूने पेटीत घातली असेल तर विचारायलाच नको. जवळ वीज पडली की लांब तांब्याच्या तारेत झटका उठतो आणि पोर्ट जळतो. वीज जाऊन परत आली तरी एकाच गल्लीतल्या चार-पाच घरांचं इंटरनेट बंदच राहिलं, तर संशय पहिला या स्विचवर घ्यावा.

आता फायबर. काचेत वीज वाहत नाही, तेव्हा पाण्याने शॉर्ट होण्याचा प्रश्नच नाही. तरीही पावसात ते जातं. हिशेब असा, प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये आणि घट डीबीमध्ये धरून. एक्स्चेंजकडून +3 डीबीएम प्रकाश निघाला. एकामागोमाग दोन स्प्लिटर, प्रकाश आठ वाटांत विभागणारे, प्रत्येकी सुमारे 10.5 डीबी खातात, म्हणजे 21. दोन किलोमीटर काच आणि जोड मिळून आणखी 2. घरी पोचतो सुमारे -20 डीबीएम. घरातलं फायबरचं यंत्र, म्हणजे ओएनटी, साधारण -27 पर्यंत तग धरतं, म्हणजे हाताशी 7 डीबी.

ते 7 डीबी खातं कोण? बहुतेकदा खांबावरच्या डबीतला फास्ट कनेक्टर. त्यात काचेची दोन टोकं जेलमध्ये नुसती टेकवलेली असतात. ओल आणि धूळ जेलमध्ये गेली, टोकं जरा सरकली, की प्रकाश कमी होतो, आणि तोही कधी कमी, कधी जास्त. राउटरच्या पानावर Rx Power, म्हणजे पोचलेल्या प्रकाशाची ताकद, कोरड्या दिवशी -20 आणि पावसात -26 दिसलं, तर तो हाच प्रकार. प्रकाश येत नसल्याचं सांगणारा लाल LOS दिवा एकदम पेटून तसाच राहिला, तर तार तुटली आहे किंवा कनेक्टर निसटला आहे. तिसरी शक्यता वळणाची: वाऱ्याने ताणलेली चपटी ड्रॉप केबल कोपऱ्यावर मोडते. तंत्रज्ञाने मीटरने 1310 आणि 1490 नॅनोमीटरच्या दोन्ही प्रकाशलहरी मोजल्या आणि 1490 ची घट जास्त निघाली, तर वळण शोधावं. दोन्हींत सारखीच असेल तर घाण किंवा जोड. घट्ट वळलेली काच ओलीत हळूहळू तडकतेही, म्हणून काही तारा पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी तुटतात.

दुरुस्ती अवघड नाही, पण लोक अर्ध्यावर सोडतात. केबल पेटीत खालूनच शिरवायची, आणि त्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाशी टपकून जातं. रिकामी भोकं रबरी बुचाने बंद करायची. चिकटपट्टी एक पाऊसही टिकत नाही. फास्ट कनेक्टरऐवजी काच वितळवून केलेला जोड, म्हणजे फ्यूजन स्प्लाइस, करून घेतली तर जोड सुमारे 0.1 डीबीच खातो. आणि झाकणाचा रबर पाहायचा: दर नव्या जोडणीला पेटी उघडली जाते, रबर घडी पडून बसतो, झाकण एकाच स्क्रूवर लटकत राहतं. बाकी सगळं नीट असूनही पाणी येतं ते तिथूनच.