पिकलबॉलचं किचन: व्हॉली मारायला पात्र कोण आणि फॉल्ट कधी लागतो

पावसाळा लागला की गोव्यातलं पिकलबॉल उघड्या कोर्टावरून बॅडमिंटनच्या हॉलमध्ये येतं. सोयही चांगली होते, कारण बॅडमिंटनचं डबल्सचं कोर्ट 20 बाय 44 फूट असतं आणि पिकलबॉलचंही नेमकं तेवढंच. नेट तेवढं खाली आणावं लागतं: कडेला 36 इंच, मध्ये 34. बाकी रेघा आयत्या मिळतात, असं वाटतं. घोळ तिथेच होतो.

बॅडमिंटनची पुढची सर्व्हिसची रेघ नेटपासून साडेसहा फुटांवर असते. पिकलबॉलचं नॉन-व्हॉली झोन, म्हणजे सगळे ज्याला किचन म्हणतात ते, नेटपासून 7 फुटांचं असतं. म्हणजे बॅडमिंटनची रेघ धरून खेळलात तर जवळजवळ अर्धा फूट किचन तुम्ही फुकटात खाल्लंत. मग खऱ्या कोर्टावरच्या स्पर्धेत पाय सवयीने तिथेच जातो आणि फॉल्ट लागतो. म्हणून हॉलमध्ये खेळताना वेगळ्या रंगाची टेप लावायचीच. दोन्ही कडांना नेटपासून मोजायचं आणि 7 फूट टेपच्या बाहेरच्या, म्हणजे बेसलाइनकडच्या, कडेपर्यंत भरले पाहिजेत. रेघ दोन इंच रुंद असते आणि ती संपूर्ण रेघ किचनमध्येच धरतात. बुटाचं टोक रेघेला नुसतं टेकलं तरी तुम्ही आत आहात.

आता पात्रता. टप्पा न पडता हवेतूनच चेंडू मारला की ती व्हॉली. ती मारताना तुमचं शरीर, कपडे, पॅडल किंवा अंगावरची कुठलीही वस्तू किचनच्या जमिनीला लागलेली नसावी. अट एवढीच, पण दोन गोष्टींत लोक गडबडतात. पहिली, किचन म्हणजे जमीन. वरची हवा मोकळी आहे. पाय रेघेबाहेर ठेवून हात आणि पॅडल किचनवर कितीही पुढे न्या, काही बिघडत नाही. दुसरी, किचनमध्ये पाऊल टाकायला बंदी अजिबात नाही. चेंडू आत टप्पा घेत असेल तर आत जाऊनच मारायचा असतो. टप्पा पडायच्या आधी जाऊन उभे राहिलात तरी फॉल्ट नाही. फक्त तिथून व्हॉली मारायची नाही. ‘किचनमध्ये का उभा राहिलास?’ म्हणून भांडणारे भेटतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं.

खरी अडचण व्हॉली मारल्यानंतर सुरू होते. नियमाच्या दृष्टीने व्हॉली चेंडू पॅडलला लागला तिथे संपत नाही. मागचा स्विंग, फटक्यानंतर पुढे गेलेला हात आणि त्या जोराने पुढे ढकललं गेलेलं शरीर, हे सगळं व्हॉलीतच मोजतात. तुम्ही तोल सावरून स्वतःच्या हालचालीवर ताबा मिळवला, किंवा किचनकडे सरकणं थांबलं, की ती संपली. तोपर्यंत किचनला काहीही लागलं तर फॉल्ट. डोक्यावरची टोपी किंवा गॉगल त्या झटक्याने आत पडला, तरीही फॉल्टच.

एक पॉइंट सविस्तर बघू. डबल्समध्ये मामा-भाचा एका बाजूला. त्यांची सर्व्ह, स्कोअर 9-7-2, म्हणजे त्यांचे 9, समोरच्यांचे 7 आणि जोडीतला दुसरा सर्व्हर चालू आहे. समोरून उंच आलेला चेंडू भाच्याने रेघेच्या चार बोटं मागे उभं राहून हवेतच जोरात हाणला. चेंडू समोरच्या कोर्टात पडला, दुसरा टप्पाही झाला, पॉइंट मेला. भाचा मात्र अजून पुढे झुकलेलाच आहे. एक पाय उचलून, हात पंख्यासारखे फिरवत तो तोल धरतोय आणि अखेर त्याचा चवडा रेघेवर पडतो. मामा म्हणतात, ‘अरे, चेंडू तर आधीच मेला होता!’ उपयोग नाही. चेंडू मेल्यानंतर पाय पडला तरी तो त्याच व्हॉलीच्या जोराने पडला, म्हणून फॉल्ट. पॉइंट गेला, दुसरा सर्व्हर असल्यामुळे सर्व्हही गेली. समोरची जोडी आता 7-9-1 म्हणून सर्व्ह सुरू करणार. हाच फॉल्ट समोरच्यांनी केला असता तर मामा-भाच्यांचे 10 झाले असते.

इथे मामांना एक गोष्ट करता आली असती. स्वतः रेघेबाहेर उभं राहून भाच्याचा टी-शर्ट मागून धरायचा. दिसायला विनोदी, पण नियमात बसतं. मामाच किचनमध्ये उभे असताना भाचा त्या जोरात त्यांना धडकला, तर मात्र फॉल्ट, कारण किचनला टेकलेल्या कशालाही स्पर्श झाला तर तो किचनलाच झाला असं धरतात.

दुसरा नेहमीचा फॉल्ट परत येताना होतो. समोरच्याने डिंक, म्हणजे किचनमध्ये पडणारा हळू फटका, टाकून तुम्हाला आत ओढलं, तुम्ही टप्प्यावर चेंडू परतवला आणि लगेच त्याने छातीवर वेगाने मारला. आता व्हॉली मारायची तर दोन्ही पाय किचनच्या पूर्ण बाहेर जमिनीला टेकून झालेले हवेत. थांबायची गरज नाही, टेकले की झालं. पण एक पाय बाहेर आणि दुसऱ्याची टाच रेघेवर, हे चालत नाही. आतून उडी मारून हवेत व्हॉली आणि मग बाहेर उतरणं, हेही चालत नाही. बघणाऱ्याने इथे चेंडूकडे नव्हे, मागच्या पायाकडे बघावं. चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते.

याच अटीतून अर्नी नावाचा फटका निघाला. किचन साइडलाइनपाशी संपतं, त्यामुळे साइडलाइनबाहेर, नेटच्या अगदी शेजारी उभं राहून व्हॉली मारता येते. किचनमधून चालत गेलात तर आधी दोन्ही पाय बाहेर टेकवा आणि मग मारा. रेघेमागून कोपऱ्यावरून उडी घेतलीत तर हवेत मारून बाहेर उतरा. उतरताना टाच आत पडली की फॉल्ट. नेटला मात्र हात, कपडा, पॅडल काहीच लावायचं नाही, आणि चेंडू आपल्या बाजूला यायच्या आत नेटपलीकडे जाऊन मारायचा नाही.

फॉल्ट द्यायचा कोणी? पंच असेल तर प्रश्न नाही, तो देतो. आपल्याकडच्या बऱ्याच हौशी सामन्यांत पंच नसतो. तेव्हा स्वतःचा पाय पडलेला कळला तर स्वतःच लगेच सांगायचं. समोरच्या जोडीलाही तुमचा किचनचा फॉल्ट पुकारता येतो. पण तुम्हाला तो मान्य नसेल तर हुज्जत न घालता तो पॉइंट पुन्हा खेळायचा, आणि सर्व्ह आधीच्याच स्कोअरवर, त्याच सर्व्हरने करायची.