स्विच, सॉकेट आणि ओट्याची उंची (घराचं वायरिंग)

घराचं वायरिंग ठरवताना स्विचबोर्ड, सॉकेट आणि स्वयंपाकाचा ओटा जमिनीपासून किती उंचीवर घ्यायचा याची काही मापं पुण्यात रूढ आहेत. स्विचबोर्ड साधारण ४ ते साडेचार फुटांवर, खालचे सॉकेट १ फुटावर, पलंगाशेजारचे सव्वादोन फुटांच्या आसपास, गीझर आणि एसीचा पॉइंट ७ फुटांच्या जवळपास, ओटा २ फूट ८ इंच ते ३ फूट. पेठांमधल्या जुन्या घरांत लाकडी बोर्ड ५ फुटांच्या आसपास सापडतात, मुलांचा हात पोचू नये म्हणून, पण आता खालच्या सॉकेटला आत शटर असतं त्यामुळे तेवढं वर जायची गरज राहिली नाही. घरात वयस्कर माणसं असतील तर बोर्ड साडेतीन फुटांपर्यंत खाली घेतलेला बरा, खांदा दुखत असेल तर हात वर करणं फार जड जातं.

ही सगळी मापं तयार फरशीपासून धरायची असतात आणि गडबड इथेच होते. भिंतीत झिरी मारून पाइप आणि बॉक्स बसवतात तेव्हा फरशी झालेलीच नसते, खाली कच्चा स्लॅब असतो, त्यावर माल आणि टाइल मिळून अडीच-तीन इंच चढणार असतात. इलेक्ट्रिशियनने टेप स्लॅबला टेकवून माप घेतलं की फरशी झाल्यावर प्रत्येक बोर्ड तेवढाच खाली आलेला असतो. म्हणून आधी लेव्हल मारतात. मेन दाराबाहेरच्या पॅसेजची फरशी बदलणार नसते, तिथून तयार फरशीची पातळी ठरवायची आणि तिच्यावर बरोबर ३ फुटांवर पाण्याच्या ट्यूबने किंवा लेझरने सगळ्या खोल्यांच्या भिंतींवर एक रेघ ओढायची, मग कुठलाही बॉक्स त्या रेघेपासून वर किंवा खाली मोजायचा, जमिनीकडे बघायचंच नाही.

दिवाणखान्यात दोन-तीन इंच इकडेतिकडे झाले तर फारसं बिघडत नाही. स्वयंपाकघरात बिघडतं, कारण तिथला सॉकेट ओट्याशी बांधलेला असतो आणि ओटा वापरणाऱ्या माणसाशी. उभं राहून कोपर वाकवलं की कोपराच्या ४-५ इंच खाली ओटा यावा. ५ फूट २ इंच उंचीच्या बाईचं कोपर साधारण ३९ इंचांवर येतं म्हणजे तिला ३४ इंचांचा ओटा बरोबर पडतो, पावणेसहा फुटांच्या माणसाला ३६ इंचही कमीच वाटेल. हे माप कडप्प्याचं नाही, वरच्या ग्रॅनाइटच्या वरच्या कडेचं, हे गवंड्याला वेगळं सांगावंच लागतं.

कोथरूडच्या एखाद्या जुन्या फ्लॅटचं उदाहरण घेऊ. जुनी फरशी उखडलेली आहे आणि नवीन अडीच इंचांची येणार आहे. इलेक्ट्रिशियनने ओटा ३२ इंच धरला, वर १२ इंच सोडले आणि स्लॅबपासून ४४ इंचांवर बॉक्सचा मध्य घेतला. फरशी झाल्यावर तोच मध्य साडेएक्केचाळीसवर आला. मधल्या काळात घरच्या बाईंनी ओटा ३४ इंच करायला सांगितला, जे त्यांच्या उंचीला योग्यच होतं, पण आता ओट्यापासून मध्य फक्त साडेसात इंचांवर. दोन ओळींचा मोठा बॉक्स असेल तर त्याची प्लेट मध्यापासून खाली सुमारे ३ इंच येते, म्हणजे खालची कड साडेचार इंचांवर. ओट्याच्या मागे ४ इंचांची ग्रॅनाइट पट्टी लावली की जेमतेम अर्धा इंच उरतो, ओटा पुसताना पाणी थेट सॉकेटपाशी जातं आणि मिक्सर मागे सरकवला की प्लगच अडतो.

रेघ असती तर हे टाइल लावायच्या आधीच कळलं असतं. ३४ इंचांच्या ओट्याला मध्य ४६ इंचांवर हवा, म्हणजे ३ फुटांच्या रेघेच्या वर १० इंच, आणि इथे टेप लावला तर साडेपाचच भरतात. साडेचार इंचांची ही चूक त्या वेळी एका तासात दुरुस्त होते, डॅडो म्हणजे ओट्यावरच्या भिंतीची टाइल लागल्यावर मात्र ती फोडावी लागते. ४६ वर घेतलं की डॅडो २ फुटांचा असेल तर बॉक्स बरोबर त्याच्या मध्यावर येतो आणि वरच्या कपाटाचा तळ ५८ इंचांवर सुटसुटीत राहतो.

उंची बरोबर असली तरी जागा चुकू शकते. सॉकेट शेगडीच्या मागे नको, वाफ आणि तेल बसतं, सिंकपासूनही निदान दोन फूट लांब हवा. मिक्सरसाठीचा सॉकेट मिक्सर ठेवायच्या जागेच्या बाजूला घ्यायचा, बरोबर मागे घेतला तर भांड्यासकट मिक्सर त्याच्यापुढे उभा राहतो आणि स्विच बंद करायला चालू मिक्सरवरून हात न्यावा लागतो. बॉक्सचं माप मध्यापासून की तळापासून हेही भिंतीवरच खडूने लिहून ठेवायचं, कारण झिरी मारणारा आणि बॉक्स बसवणारा बऱ्याचदा वेगळा असतो.