पगाराचा टीडीएस आणि फीचा टीडीएस: एकाच हिशोबात दोन खाती का?

नवीन अकाउंटंट बसला की हमखास विचारतो, टीडीएस पेएबल म्हणून एकच लेजर ठेवलं तर काय बिघडतं? बिघडतं. कारण हे दोन्ही टीडीएस वेगवेगळ्या काळात आलेत आणि दोघांचं वळण वेगळं आहे.

पगाराचा आधी. १९२२ च्या आयकर कायद्यात कलम १८ होतं, त्यात पगार देतानाच कर कापून घ्यायची सोय होती, तीच पुढे १९६१ च्या कायद्यात कलम १९२ म्हणून आली. यातला कळीचा मुद्दा म्हणजे "देताना". पगार खर्चात टाकला म्हणून कर कापायचा नसतो, हातात देतो तेव्हा कापायचा. आणि दर ठरलेला नाही, वर्षभराच्या अंदाजी उत्पन्नावर कर काढायचा आणि तो महिन्यांत वाटायचा.

वकील, डॉक्टर, सीए यांच्या फीला मात्र बरीच वर्षं कुणी हात लावला नव्हता. १९७२ मध्ये कंत्राटदारांसाठी १९४सी आलं. १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एसीसी सिमेंटच्या केसमध्ये "काम" या शब्दाचा अर्थ मोठा केला, ते धरून सीबीडीटीने मार्च १९९४ मध्ये परिपत्रक ६८१ काढलं की मग प्रोफेशनल फीसुद्धा १९४सीमध्येच येते. मुंबईतल्या चेंबर ऑफ इन्कम टॅक्स कन्सल्टंट्सने मुंबई हायकोर्टात आव्हान दिलं आणि कोर्टाने सांगितलं, प्रोफेशनल लोकांना हे लागू नाही. सल्लागार जिंकले खरे, पण सरकारने पुढच्याच वर्षी कायदाच बदलला: १ जुलै १९९५ पासून १९४जे, तेव्हा ५ टक्के, २००७ मध्ये १० टक्के. (२०२० पासून टेक्निकल सेवांना २ टक्के, तो वेगळा विषय.) इथे लिहिलं "खात्यात जमा करताना किंवा देताना, जे आधी होईल तेव्हा", म्हणजे बिल बुकात घेतलं की कापलं, पैसे नंतर द्या.

आता एंट्र्या. समजा महिना १,२५,००० पगार, नवीन रिजीम, वर्ष २०२५-२६, दुसरी काही मिळकत नाही. वर्षाचे १५ लाख, ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन गेलं, १४.२५ लाखांवर सेससकट कर ९७,५००, म्हणजे महिन्याला ८,१२५. पगार देताना सॅलरी डेबिट १,२५,०००, टीडीएस पेएबल सॅलरी क्रेडिट ८,१२५, बँक क्रेडिट १,१६,८७५ (पीएफ वगैरे इथे सोडून दिलंय).

फीचं उदाहरण. २८ जुलै २०२५ ला सीएचं बिल, फी ६०,००० आणि जीएसटी १०,८००. प्रोफेशनल फी डेबिट ६०,०००, इनपुट जीएसटी डेबिट १०,८००, टीडीएस पेएबल १९४जे क्रेडिट ६,०००, सीएचं खातं क्रेडिट ६४,८००. जीएसटी बिलात वेगळा दाखवलाय म्हणून कर फक्त ६०,००० वर. भरताना टीडीएस पेएबल डेबिट, बँक क्रेडिट, ७ ऑगस्टच्या आत.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक: फी नेट टाकणं, म्हणजे ५४,०००. मग भरलेले ६,००० कुठे टाकायचे कळत नाही म्हणून ते "टॅक्स पेड" मध्ये जातात, जणू आपलाच कर आहे. ओळखायची खूण सोपी आहे, टीडीएसच्या तिमाही विवरणपत्रात, म्हणजे २६क्यूमध्ये, फी ६०,००० आणि नफातोट्यात ५४,०००.

दुसरी चूक उशिराची. हेच ६,००० तुम्ही ९ ऑगस्टला भरले तर दोनच दिवस उशीर झाला म्हणून सुटत नाही, व्याज दरमहा दीड टक्का, तेही कापल्याच्या महिन्यापासून, आणि महिन्याचा तुकडासुद्धा अख्खा महिना धरतात. जुलै एक, ऑगस्ट दोन, म्हणजे १८० रुपये. ते टीडीएस पेएबलमध्ये टाकू नका, टीडीएसवरचं व्याज म्हणून वेगळं डेबिट, नाहीतर लेजर कधीच शून्य होणार नाही.

आणि मार्चमध्ये ते जुनं वळण बरोबर दिसतं. मार्चचा पगार ५ एप्रिलला दिला तर कापणी एप्रिलची, भरायची मुदत ७ मे. पण सीएचं बिल ३१ मार्चला बुकात घेतलं तर कापणी मार्चचीच, फक्त भरायला ३० एप्रिलपर्यंत वेळ. एकाच लेजरमध्ये दोन्ही टाकलं की ३१ मार्चची शिल्लक कशाची हे सांगताना ऑडिटरसमोर घाम फुटतो.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू, त्यात पगार कलम ३९२ मध्ये आणि फी ३९३ मध्ये, म्हणजे तिथेही दोघं वेगळीच राहिली. लेजरच्या नावातलं "१९४जे" तेवढं बदलावं लागतं.