अटॅचमेंटची आपोआप लिंक होणे

ईमेलला मोठी फाईल जोडली की काही मेल सेवा ती फाईल मेलमध्ये घालतच नाहीत, आपल्या क्लाउडवर ठेवतात आणि मेलमध्ये फक्त तिची लिंक टाकतात. कारण साधं आहे, मेल मुळात अक्षरांसाठी बनलेला, त्यामुळे फाईल पाठवताना तिच्या दर ३ बाइटची ४ अक्षरं करावी लागतात आणि १८ एमबीची फाईल वाटेत २४ एमबीची होते. जीमेलमध्ये २५ एमबीच्या वर गेलात की फाईल ड्राइव्हवर जाते. ॲपलने २०१४ साली मेल ड्रॉप आणलं, त्यात ५ जीबीपर्यंत चालतं, पण फाईल राहते फक्त ३० दिवस.

समजा एका फोटोग्राफरने २ मे ला मॅकवरून १८० एमबीची झिप पाठवली. घेणाराही मॅकवर ॲपलचं मेल ॲप वापरत असेल तर फाईल गुपचूप डाउनलोड होऊन नेहमीच्या अटॅचमेंटसारखी दिसते, त्याला काही कळतही नाही. पण घेणारा जीमेलवाला असेल तर त्याला लिंक आणि मुदतीची तारीख मिळते, तो म्हणतो रविवारी बघू, आणि जूनमध्ये क्लिक करतो तेव्हा काहीच नसतं. पाठवणाऱ्याला मात्र वाटतं की फाईल तर कधीच पाठवली! (भांडणं इथेच सुरू होतात.)

ड्राइव्हच्या लिंकला अशी ठरलेली मुदत नसते, पण फाईल पाठवणाऱ्याच्याच खात्यात राहते. त्याने जागा कमी पडतेय म्हणून ती उडवली, शेअरिंग बंद केलं किंवा नोकरी सोडल्यावर ऑफिसने खातं बंद केलं, की तुमच्याकडचा मेल पोकळ. आणि उडवलीच पाहिजे असंही नाही, त्याच फाईलमध्ये नंतर आकडे बदलले तर जुनी लिंक नवे आकडे दाखवते, म्हणजे तेव्हा नेमकं काय पाठवलं होतं याचा पुरावा तुमच्या हातात उरत नाही. खरी अटॅचमेंट ही तुमची स्वतःची कॉपी असते, लिंक म्हणजे दुसऱ्याच्या कपाटाची किल्ली.

बॅकअपनेही हे भरून निघत नाही. अख्खा मेलबॉक्स उतरवून घेतला तरी त्यात लिंकच येते, फॉरवर्ड केलं तरी लिंकच जाते. ओळखायचं असेल तर मेल .eml म्हणून सेव्ह करून साइझ बघा, १८० एमबीची फाईल आली म्हणतात आणि मेल जेमतेम काही केबीचा असेल तर आत फाईल नाही. मेल ड्रॉपच्या लिंकमध्ये बऱ्याचदा `f=` च्या पुढे फाईलचं नाव आणि `sz=` च्या पुढे साइझ दिसते, म्हणजे लिंक मेली तरी काय गेलं ते कळतं, आणि निदान त्या नावाने पाठवणाऱ्याकडे परत मागता येतं, त्याने जपून ठेवली असेल तर.