जो जंतू बशीत वाढत नाही, त्याच्यावर आरोप कसा सिद्ध करायचा?

सांगली-मिरज भागात आशाताई घरोघरी जाऊन अंगावरचे चट्टे तपासतात, तेव्हा काही घरांत अजून चट्टा लपवला जातो. कुष्ठरोग घराण्यात असतो, गेल्या जन्मीचं पाप असतं, हे कळलं की पोरीचं लग्न जमत नाही, ही भीती. दोन्ही समजुती साफ खोट्या आहेत. हा जंतूचा रोग आहे, पण ते सिद्ध करणं फार अवघड गेलं.

नॉर्वेत हॅन्सन यांना १८७३ मध्ये रुग्णांच्या गाठींत काठीसारखे जंतू दिसले. त्यांचे सासरे डॅनिएल्सेन हेच रोग आनुवंशिक मानणाऱ्यांत अग्रणी होते. शिवाय नुसतं दिसणं पुरेसं नव्हतं. रोगाने खराब झालेल्या जागी जंतू मागाहूनही शिरू शकतो. म्हणून रॉबर्ट कॉख यांच्या अटी आल्या : जंतू प्रत्येक रुग्णात सापडावा, निरोग्यात नसावा, तो शरीराबाहेर शुद्ध वाढवता यावा, तो टोचल्यावर निरोगी प्राण्याला तोच रोग व्हावा, आणि त्या प्राण्यातून तोच जंतू पुन्हा मिळावा.

कुष्ठरोगाचा जंतू दुसऱ्या अटीलाच अडला. त्याची हजाराहून जास्त जनुकं निकामी झालेली आहेत, त्यामुळे जिवंत पेशीबाहेर तो आजवर वाढलेला नाही. हॅन्सन यांनी तर १८७९ मध्ये परवानगी न घेता एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. हा अन्यायच होता. खटला झाला, रुग्णालयातलं पद गेलं आणि सिद्ध काहीच झालं नाही.

वाट सापडली ती १९६० मध्ये शेपर्ड यांना, उंदराच्या तळपायात. हा जंतू शरीराच्या थंड भागांत, म्हणजे नाक, कान, कातडीजवळच्या नसा यांत रमतो. उंदराचा तळपायही बाकीच्या शरीरापेक्षा थंड. तिथे काही हजार जंतू टोचले, तर अर्ध्या वर्षात ते सुमारे दहा लाखांवर जातात, कारण एकाचे दोन व्हायला साधारण १२ ते १४ दिवस लागतात. तळपाय वाटून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजतात. मेलेले जंतू टोचले तर आकडा वाढत नाही, त्यामुळे औषधाने जंतू मेले का हेही इथे कळतं. धोका एकच : भलताच क्षयवर्गीय जंतू मिसळण्याचा. म्हणून तोच नमुना नेहमीच्या पोषक माध्यमावरही लावतात. तिथे वाढ झाली, तर तो कुष्ठरोगाचा जंतू नव्हेच. कॉख यांची दुसरी अट इथे उलटी होऊन ओळखीची खूण बनली! मात्र साध्या उंदराला माणसासारखा रोग होत नाही. अंगभर जंतू पसरलेला रोग १९७१ मध्ये आर्माडिलो या कवचधारी प्राण्यात दिसला. त्याच्या शरीराचं तापमानच ३२ ते ३५ अंश असतं.

पहिली अट दोन्ही बाजूंनी तुटते. रोग असलेल्या भागांत निरोगी माणसांच्या नाकातही या जंतूचा डीएनए सापडतो, कारण बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. उलट ज्यांच्या अंगावर मोजकेच चट्टे असतात, त्यांच्या कातडीच्या नमुन्यात बऱ्याचदा एकही जंतू दिसत नाही. म्हणून निदान केवळ जंतूवर ठेवलेलं नाही. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर कापसाचा स्पर्श कळत नसेल, तो नक्की सुन्न असेल, तर नमुना निगेटिव्ह आला तरी औषधं सुरू करतात.