सरळ रेषेचा कागद: नॉर्मल प्रॉबॅबिलिटी प्लॉट कुठून आला आणि त्यातला बाक काय सांगतो

आकडे नॉर्मल वितरणाच्या जवळपास आहेत का, हे पाहायला बहुतेक जण आधी हिस्टोग्राम काढतात. वीस-तीस निरीक्षणांच्या हिस्टोग्रामवर मात्र फारसा भरवसा ठेवता येत नाही. गटाची रुंदी थोडी बदलली की आकार बदलतो, आणि घंटेसारख्या वक्राशी केलेली तुलना डोळ्याला नीट जमत नाही. सरळ रेषेतला बाक मात्र डोळ्याला चटकन दिसतो. नॉर्मल प्रॉबॅबिलिटी प्लॉट याच गोष्टीवर उभा आहे.

ही पद्धत रूढ केली ती पाण्याच्या हिशेबाने. शहराला पाणी पुरवायचे तर जलाशय केवढा बांधायचा, हा अमेरिकन अभियंता अ‍ॅलन हेझन यांच्यापुढचा प्रश्न होता. नद्यांच्या वार्षिक प्रवाहाच्या नोंदी थोड्याच वर्षांच्या, आणि निर्णय घ्यायचा तो क्वचित येणाऱ्या कोरड्या वर्षांबद्दल. १९१४ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनियर्सच्या ‘ट्रान्झॅक्शन्स’मध्ये छापलेल्या लेखात त्यांनी खास आखलेला कागद वापरला. त्यावर टक्केवारीच्या रेघा सारख्या अंतरावर नसतात. ५० टक्क्यांजवळ त्या दाट असतात आणि टोकांकडे विरळ होत जातात. हे ताणणे अशा बेताने केलेले असते की नॉर्मल वितरणाचा एस-आकाराचा संचयी वक्र त्या कागदावर सरळ रेषा होतो.

या कागदावर ० आणि १०० टक्के कुठेच नसतात, कारण नॉर्मल वक्राची टोके अनंतापर्यंत जातात. म्हणून १० निरीक्षणांतल्या सर्वांत मोठ्याला ‘१० पैकी १०, म्हणजे १०० टक्के’ असे म्हटले तर तो बिंदू कागदाबाहेर जातो. हेझन यांनी प्रत्येक निरीक्षण आपापल्या पट्टीच्या मधोमध ठेवले: लहानापासून i व्या क्रमांकाला (i − 0.5)/n. दहा निरीक्षणांसाठी ५, १५, २५ असे करत ९५ टक्के. पुढे वायबुल यांचे i/(n + 1) आले, १९५८ मध्ये गुन्नार ब्लोम यांचे (i − 3/8)/(n + 1/4) आले. या सूत्रांतला फरक मुख्यतः टोकाच्या एक-दोन बिंदूंना जाणवतो, मधल्यांना जवळजवळ नाहीच. आर या भाषेतले `qqnorm` दहापर्यंत निरीक्षणे असतील तर ब्लोम यांचे सूत्र घेते आणि त्याहून जास्त असतील तर हेझन यांचेच.

आता आकडे घेऊन पाहू. समजा, चढत्या क्रमाने लावलेली दहा मोजमापे अशी आहेत: ९, १४, १६, २०, २४, २६, ३३, ३७, ४८, ६७. सरासरी ० आणि प्रमाण विचलन १ असलेल्या नॉर्मल वितरणात ज्याच्या खाली तेवढे टक्के येतात ते z-मूल्य; हेझन यांच्या टक्केवारीशी जुळणारी z-मूल्ये साधारण −१.६४, −१.०४, −०.६७, −०.३९, −०.१३ आणि तीच पुन्हा धन चिन्हाने. z आडव्या अक्षावर आणि मोजमाप उभ्या अक्षावर घेऊन बिंदू मांडायचे, आणि मग सबंध चित्राकडे पाहण्याऐवजी चढ तुकड्या-तुकड्याने मोजायचा.

पहिल्या ते तिसऱ्या बिंदूपर्यंत z सुमारे ०.९७ ने वाढते आणि मोजमाप ७ ने, म्हणजे चढ जेमतेम ७. चौथ्या ते सातव्यापर्यंत तो सुमारे १७ आहे. आठव्या ते दहाव्यापर्यंत मोजमाप ३० ने वाढते, तेव्हा चढ ३१ च्या आसपास पोचतो. चढ म्हणजे त्या भागात आकडे किती पसरलेत याचे माप. नॉर्मल आकड्यांत तो सगळीकडे साधारण सारखा, म्हणजे प्रमाण विचलनाएवढा, राहायला हवा. इथे तो सतत वाढतोय आणि वक्र वर उघडलेल्या वाटीसारखा झालाय. लहान आकडे एकमेकांना चिकटलेले आणि मोठे लांबवर विखुरलेले, असा उजवीकडे लांब शेपूट असलेला हा साठा आहे. प्रत्येक आकड्याचा दशमान लॉग घेऊन तेच तीन तुकडे पुन्हा मोजले तर चढ ०.२६, ०.२८ आणि ०.२७ येतात. रेषा सरळ झाली. म्हणजे ज्याचा लॉग नॉर्मल असतो आणि जे गुणाकाराने वाढणाऱ्या राशींत आढळते, ते लॉगनॉर्मल वितरण इथे शोभते.

बाकीचे आकारही चढाच्या याच भाषेत वाचता येतात. चढ डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी होत गेला तर शेपूट डावीकडे आहे. दोन्ही टोकांना चढ वाढला, म्हणजे डावे टोक रेषेच्या खाली आणि उजवे रेषेच्या वर गेले, तर शेपट्या नॉर्मलपेक्षा जड आहेत. सरासरी आणि प्रमाण विचलनावर बेतलेले अंदाज सर्वांत जास्त फसतात ते इथे, आणि लॉग घेऊन हा दोष जात नाही. दोन्ही टोके सपाट झाली तर शेपट्या तोकड्या आहेत. कोणीतरी मर्यादेबाहेरचे नग आधीच काढून टाकले असतील तर असे होते. मधेच उभी उडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे सरळ तुकडे दिसले, तर दोन निराळे गट एकत्र मिसळले असल्याची शंका घ्यावी. पायऱ्या-पायऱ्या दिसल्या तर मोजमापे ढोबळ अंकांत नोंदवली गेली आहेत.

वाचताना सर्वांत जास्त गोंधळ होतो तो अक्षांमुळे. जुन्या कागदावर आणि काही सॉफ्टवेअरमध्ये मोजमाप आडव्या अक्षावर असते. तसे असले की वरचे सगळे उलटते: उजवीकडच्या शेपटीचा वक्र पालथ्या वाटीसारखा दिसतो. म्हणून आकार पाठ करण्याऐवजी मोजमापाच्या अक्षावर बिंदू कुठे विरळ झालेत ते आधी पाहावे.

१९६० नंतर हे चित्र एका आकड्यात पकडण्याचे प्रयत्न झाले. शपिरो आणि विल्क यांची १९६५ ची चाचणी याच आलेखाच्या विचारातून निघाली, आणि १९७५ मध्ये जेम्स फिलिबेन यांनी बिंदूंचा सरळ रेषेशी असलेला सहसंबंध गुणांकच चाचणी म्हणून मांडला. आपल्या दहा आकड्यांचा हा गुणांक सुमारे ०.९६ येतो. दहा निरीक्षणांसाठी ५ टक्के पातळीवरची मर्यादा ०.९२ च्या आसपास आहे, म्हणजे चाचणी या आकड्यांना नॉर्मल मानायला हरकत घेत नाही. चढ चौपटीहून वाढलेला असूनही! चढत्या क्रमाने लावलेल्या आकड्यांचा गुणांक मुळातच मोठा येतो, आणि रेषा कोणत्या बाजूला वाकली आहे हे तो सांगत नाही. लॉग घेतल्यावर तो ०.९९८ होतो, एकट्या गुणांकापेक्षा ही तुलना जास्त उपयोगाची.

उलट बाजूचा धोकाही खरा आहे. दहा-वीस बिंदूंचा आलेख अस्सल नॉर्मल आकड्यांचा असला तरी वळवळतो. टोकाचे बिंदू सर्वांत जास्त हलतात, आणि शेजारचे बिंदू एकमेकांशी बांधलेले असल्यामुळे ते घोळक्याने रेषेच्या एकाच बाजूला जातात. कथबर्ट डॅनियल आणि फ्रेड वुड यांनी म्हणूनच १९७१ च्या पुस्तकात यादृच्छिक नॉर्मल संख्यांचेच आलेख पानोपानी छापले. आज तेच घरबसल्या करता येते:

```
x <- c(9,14,16,20,24,26,33,37,48,67)
par(mfrow = c(4,5), mar = c(2,2,1,1))
qqnorm(x, main = ""); qqline(x)
for (k in 1:19) {
  y <- rnorm(length(x))
  qqnorm(y, main = ""); qqline(y)
}
```

पहिला आलेख आपला, उरलेले १९ नॉर्मल संख्यांचे. `qqline` ही रेषा पहिल्या आणि तिसऱ्या चतुर्थकातून जाते, त्यामुळे टोकाचा एखादा आकडा तिला आपल्याकडे ओढून बाक लपवू शकत नाही. आपल्या आलेखासारखी वाटी त्या १९ मध्येही तीन-चारदा दिसली, तर नुसत्या बाकावरून लॉग घेण्याचे ठरवू नये. मोजलेली राशी मुळात गुणाकाराने वाढणारी आहे का हे तपासावे, नाहीतर आणखी मोजमापे जमवावीत.