सणाची रजा, परीक्षेची रजा आणि 'आधी कोण' हा घोळ

रजेवरून होणारी भांडणं तशी फार जुनी नाहीत, कारण आधी रजाच नव्हती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या लँकशायरच्या गावांत वर्षातून एक आठवडा अख्ख्या गिरण्या बंद व्हायच्या, सगळे एकदम बाहेर आणि तेही बहुतेक बिनपगारी, त्यामुळे कोणाला सोडायचं आणि कोणाला थांबवायचं हा प्रश्नच यायचा नाही. तो आला पगारी रजा आल्यावर. १९३६ च्या आंतरराष्ट्रीय करारात वर्षभर नोकरी झालेल्याला कामाचे किमान ६ दिवस रजा ठरली आणि सणाच्या सार्वजनिक सुट्ट्या त्यात धरायच्या नाहीत असंही ठरलं. १९७० च्या करारात ते ३ आठवडे झाले, आणि तारीख मालकाने ठरवायची पण कामगाराशी बोलून, असं आलं. बोलून म्हणजे काय, आणि चौघांनी एकच गुरुवार मागितला तर काय, तिथे कलम गप्प.

ती जागा सिनिऑरिटीने भरून काढली. जो जुना त्याला आधी निवड, साहेबाच्या मर्जीचा संबंध नाही, म्हणून युनियनलाही हेच बरं वाटायचं. पण सिनिऑरिटी कोणाचीच बाजू घेत नाही हे कितपत खरं, यावर अमेरिकेत एक केस सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, १९७७ चा निकाल आहे. एका विमान कंपनीच्या दुरुस्ती तळावर स्टोअरमध्ये काम करणारा माणूस, त्याच्या पंथात शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत काम करायचं नाही. पहिल्या इमारतीत त्याची सिनिऑरिटी पुरेशी होती म्हणून निभावत होतं. मग दिवसपाळीसाठी तो दुसऱ्या इमारतीत गेला, तिथली सिनिऑरिटीची यादी वेगळी आणि हा जवळजवळ तळाला. एक सहकारी सुट्टीवर गेला तेव्हा शनिवार याच्या गळ्यात आला, म्हणजे एकाची रजा दुसऱ्याच्या धर्मावर आली असंच म्हणायचं. कंपनी अदलाबदलीला हरकत नाही म्हणाली पण यादी मोडायला युनियन तयार नाही, माणूस शनिवारी आला नाही, नोकरी गेली.

न्यायालय कंपनीच्या बाजूने गेलं. सिनिऑरिटी ही हवा तो दिवस न मिळण्याचे प्रसंग कमी करायची तटस्थ पद्धत आहे, आणि त्याला शनिवार मोकळा द्यायला कंपनीला किरकोळपेक्षा जास्त खर्च पडत असेल तर नाही म्हणायला तेवढं ओझं पुरे, असा त्याचा आशय. पुढची बरीच वर्षं हा 'किरकोळ' शब्दच वापरला गेला. २०२३ मध्ये रविवारी टपाल वाटायला नकार देणाऱ्या एका कर्मचाऱ्याच्या केसमध्ये तेच न्यायालय एकमताने म्हणालं की किरकोळ पुरत नाही, त्या धंद्याच्या मानाने मोठा वाढीव खर्च दाखवावा लागेल, आणि सहकाऱ्यांची कुरकुर मोजायची तर ती धंद्याच्या कामात खरंच अडत असेल तरच. मला यातलं सगळ्यात बोलकं वाटतं ते इमारत बदलणं. माणूस तोच, कंपनी तीच, नुसती यादी बदलली तर 'तटस्थ' नियमाने त्याचा वरचा नंबर जवळजवळ तळाला नेला.

सिनिऑरिटीचा कंटाळा आला तशी 'आधी अर्ज, आधी रजा' ही पद्धत आली आणि रजेचं पोर्टल आल्यावर तीच बऱ्याच ठिकाणी पक्की झाली. दिसायला एकदम स्वच्छ. पण यातल्या 'आधी'चा अर्थ कोणी धड सांगत नाही. तोंडी सांगितलं ती वेळ, मेल केला ती, पोर्टलवर सबमिट झालं ती, की वरिष्ठाने उघडून बघितलं ती? मी एका ठिकाणी होतो तिथे वर्षाची नोंदणी ठरल्या दिवशी सकाळी ९ ला उघडायची आणि सव्वानऊला सणाच्या आठवड्याचे सगळे स्लॉट संपलेले असायचे. मिळालेले सगळे टेबलावर स्क्रीन असलेले. काउंटरवरच्या लोकांसमोर त्या वेळी रांग असायची, ते जेवणाच्या सुट्टीत लॉगिन करायचे आणि 'उपलब्ध नाही' बघून परत कामाला लागायचे. कोणी मुद्दाम केलं नव्हतं हो, पण तीन वर्षं तेच लोक घरी आणि तेच लोक काउंटरवर.

दुसरी गोम अजून खोल आहे. सणाची तारीख बहुतेक वेळा वर्षभर आधी कॅलेंडरात असते. परीक्षेचं वेळापत्रक काही आठवडे आधी लागतं, कधी लागूनही पुढे ढकललं जातं, आणि चंद्र दिसण्यावर असलेला सण तर आदल्या संध्याकाळीच नक्की होतो. म्हणजे 'आधी अर्ज' मध्ये परीक्षावाला कायम मागे राहणार, त्याने कितीही घाई केली तरी, कारण त्याच्याकडे तारीखच नाही. काही जण मग अंदाजाने अख्खा महिना अडवून ठेवतात आणि शेवटी निम्मी रजा रद्द करतात, तोवर बाकीच्यांनी सोय दुसरीकडे केलेली असते.

म्हणून अलीकडे काही ठिकाणी दोन खिडक्या आल्या, म्हणजे एक स्लॉट उशिरा तारीख कळणाऱ्यांसाठी २१ दिवस आधीपर्यंत राखून ठेवायचा. त्याला जोडून नकाराची नोंदवही, म्हणजे मागच्या वेळी ज्याला नकार मिळाला त्याचा नंबर पुढच्या वेळी आधी. एक आठवडा उदाहरणाला घेऊ. काउंटरवर ८ जण, किमान ५ हवेत, म्हणजे रोज ३ स्लॉट, सोमवार ते शनिवार मिळून १८. अर्ज आले पाच, प्रत्येकी ६ दिवसांचे, म्हणजे ३०. इथे बरेच जण पहिले तीन अर्ज पूर्ण मंजूर करून मोकळे होतात आणि तिथेच चूक होते. त्याऐवजी प्रत्येकाला एकच विचारायचं, सोडताच येणार नाही असा दिवस कुठला? चौघे म्हणाले गुरुवार, सणाचा मुख्य दिवस. पाचव्या बाईच्या मुलाचा पेपर सोमवारी आणि बुधवारी, वेळापत्रक चार आठवडे आधी लागलेलं. तिला राखीव स्लॉटमधून ते दोन दिवस लगेच मिळाले आणि बाकीचे चार तिने सोडले. राहिला गुरुवार, चार जण आणि जागा तीन.

नोंदवही उघडली. चौघांपैकी एकाला मागच्या वर्षी नकार होता, तो पहिला. एक नवीन, त्याची नोंदच नाही, तो मधे धरायचा (यावर वाद आहे, काही ठिकाणी नवीन माणूस सरळ शेवटी, म्हणजे सिनिऑरिटी मागच्या दाराने परत). उरलेल्या दोघांना मागच्या वेळी मिळाली होती. गुरुवारचा राखीव स्लॉट २१ दिवस आधीपर्यंत कोणी परीक्षेसाठी मागितला नाही, तेव्हा दोघांसमोर चिठ्ठी काढली.

नोंदवहीत गडबड होतेच. पुढच्या वर्षीचा नंबर लागावा म्हणून लोक मुद्दाम नकार मिळेल असा अर्ज टाकतात, किंवा नकार घेतात आणि त्या दिवशी सिक टाकतात. म्हणून नकार तेव्हाच मोजायचा जेव्हा माणूस अर्ज मागे न घेता त्या दिवशी हजर असेल. खरंच आजारी पडलेल्याचं यात नुकसान होतं, त्यावर मला अजून कुठे नीट उपाय दिसलेला नाही. चिठ्ठी हरलेला त्या गुरुवारी वेळेवर आला आणि त्याच्या नावापुढे लिहिलं गेलं: मागितली, मिळाली नाही, हजर.